दिवाळीत तो कुठे असतो?

नव्याने ओळख झालेला माणूस फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी भेटतो. रविवारी नाही, गणपतीत नाही, दिवाळीत तर फोनही लागत नाही. 'याचं आधी लग्न झालेलं असणार,' असं मैत्रिणी सांगतात. तसं असूही शकतं. पण त्याने सांगितलेलं कारण त्याच्या सुट्ट्यांशी जुळतं का, हे आधी पाहावं.

बहुतेक जण नोकरीचं कारण देतात, आणि ते पुष्कळदा खरं असतं. मात्र प्रत्येक नोकरीच्या सुट्टीची रीत वेगळी असते. पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, वर्षानुवर्षं तीच. पण दिवाळीला तिथला कामगार सहसा घरी असतो. हॉस्पिटलमधल्या सिस्टरचं उलट. सणाला ड्युटी लागते, पण पाळ्या बदलतात तशी सुट्टीही बहुधा फिरते. ठरलेला वार आणि सणाला कधीच मोकळीक नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र येतात त्या हॉटेल, सलून, मिठाईचं दुकान अशा ठिकाणी. तिथे सण म्हणजेच धंदा. पण तिथला माणूस सणाच्या दिवशी लपत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्या हॉटेलात गेलं, तर तो काउंटरवर दिसतो. शिवाय राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाला आठ पगारी सुट्ट्या असतात आणि त्या दिवशी काम केलं तर दुप्पट मजुरी व बदली सुट्टी मिळते. त्यामुळे वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, जिथे हा कायदा पुरता लागू आहे, सण हुकला तरी नंतर एखादा जादा दिवस हातात यायला हवा.

घरी अंथरुणाला खिळलेले आई-वडील असतील, तरी असंच घडतं. त्यांची देखभाल करणाऱ्या मावशी सणाला गावी जातात, मग मुलाला घर सोडता येत नाही. एरवी बहीण येऊन बसते तेवढ्याच दोन संध्याकाळी त्याच्या वाट्याला येतात. अशा माणसाला बाहेर पडता येत नसलं, तरी तुम्हाला घरी बोलावता येतं.

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो घटस्फोटित बापाबद्दल. मूल आईकडे असेल, तर कोर्टाच्या आदेशात वडिलांना भेटीचे दिवस आखून दिलेले असतात. आदेश प्रत्येकाचा वेगळा. पण एक आड एक शनिवार-रविवार, दिवाळीची आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी, वाढदिवसाला काही तास, अशी वाटणी नेहमी दिसते. या बापाकडे कामाच्या दिवसांच्या संध्याकाळी मोकळ्या असतात आणि सण मुलाचे असतात. नव्या ओळखीच्या बाईला मुलासमोर लगेच आणायचं नाही, म्हणून तो त्या दिवसांबद्दल बोलायचंही टाळतो. ही काळजी समजण्यासारखी आहे.

पण हिशेब करून पाहा. एक रविवार मुलाचा, तर पुढचा मोकळा. दिवाळीची पहिली अर्धी सुट्टी मुलाबरोबर गेली, तर उरलेली त्याची स्वतःची. समजा, ओळख जूनमध्ये झाली. दिवाळीपर्यंतच्या एकाही रविवारी तो भेटला नाही आणि भाऊबीज उलटून गेल्यावरही 'मुलगा माझ्याकडे आहे' असंच म्हणाला, तर भेटीच्या आदेशाने एवढं अडत नाही. मूल कायमचं त्याच्याकडेच असेल तर भाग वेगळा, पण मग शुक्रवारी संध्याकाळी ते कोणाकडे असतं, हे त्याला सहज सांगता आलं पाहिजे.

चालता संसार असेल तर नुसते सण अडत नाहीत. रात्री साडेनऊनंतर फोन बंद, मेसेज ऑफिसच्या वेळेतच, राहतं घर कधी दाखवलेलं नाही, एकाही मित्राशी ओळख नाही. त्याची मोकळी वेळ ऑफिसातून काढलेली असते, घरातून नाही. 'वेगळे राहतो, केस चालू आहे' हे उत्तर आलं, तर कायद्याने तो अजून विवाहित आहे. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत.

म्हणून लग्नाचा विषय निघाला की घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत सरळ मागावी. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून खटला शोधता येतो. पण नावाचं स्पेलिंग जरा बदललं की तो सापडत नाही, त्यामुळे तिथे काही दिसलं नाही एवढ्यावर विसंबू नये. हुकूमनाम्यावर खटल्याचा क्रमांक आणि तारीख असते, ती तिथे ताडून पाहावी. अपिलाची मुदत संपली आहे का, हे वकिलाला विचारून घ्यावं. मुलाच्या ताब्याचा आणि भेटीचा प्रश्न कोर्टापुढे आला असेल, तर त्या अटी त्याच हुकूमनाम्यात किंवा वेगळ्या आदेशात लिहिलेल्या असतात. कोणता रविवार कोणाचा, तेही तिथे वाचायला मिळतं.