बाटली दिसण्याआधी

१९८१ च्या ऑगस्टअखेर फ्रान्समधल्या भिंतींवर एक पोस्टर लागलं. समुद्रकिनारी बिकिनीतली एक तरुणी कमरेवर हात ठेवून हसत उभी आणि शेजारी तिचा शब्द, की २ सप्टेंबरला मी वरचा कपडा उतरवणार. जाहिरात कशाची, कोणाची, काही पत्ता नाही. २ सप्टेंबरला दुसरं पोस्टर आलं. तिने शब्द पाळला होता आणि पुढची तारीख दिली होती, ४ सप्टेंबर, आता खालचा. ४ तारखेला ती पाठमोरी उभी दिसली आणि तेव्हा कुठे उलगडा झाला, की जाहिरात आहे ‘आवनीर’ नावाच्या, होर्डिंगच्या जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीची. दिलेल्या तारखेला पोस्टर बदलून दाखवतो, हाच तिचा माल होता आणि तोच तिने लोकांच्या डोळ्यांदेखत विकला.

बाईचं शरीर असं वापरण्यावर तेव्हाही टीका झाली आणि ती योग्यच होती. पण जाहिरातवाल्यांच्या जगात ही तीन पोस्टरं अजून आठवली जातात ती त्यांच्या बांधणीमुळे. प्रत्येक पोस्टर आधीच्याचं देणं फेडतं आणि पुढचं एकच देणं, तारखेसह, डोक्यावर घेतं. आज इन्स्टाग्रामवर कोणी नवं सीरम आणणार म्हणून तीन टीझर पोस्ट टाकतं, तेव्हा नेमकं हेच राहून जातं. धुक्यातली बाटली, ‘काहीतरी खास येतंय’, मग अर्धी बाटली, ‘ओळखा पाहू’, मग पूर्ण बाटली. लोकांना कोडं घातलं जातं, पण ते सोडवावंसं वाटावं असं त्यात काहीच नसतं. नव्या ब्रँडची बाटली कशी दिसते याचं कुतूहल त्या ब्रँडच्या मालकाखेरीज कोणाला असणार?

एक उदाहरण पायरीपायरीने करून पाहू. समजा, नाशिकच्या दोघी मैत्रिणी तेलकट त्वचेसाठी सीरम आणताहेत. त्यात ५ टक्के नायासिनमाइड, म्हणजे ‘ब-३’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. सुगंध नाही. ३० मिलीची बाटली, किंमत ४४९ रुपये, परवानाधारक कारखान्यातून करून घेतलेल्या पहिल्या ५०० बाटल्या. विक्री सुरू होणार शनिवारी, ६ जूनला सकाळी ११ वाजता. तारीख विचार करून ठरवली आहे. पाऊस अजून धड आलेला नाही, हवा चिकट आहे, चेहऱ्याला सतत तेल सुटतंय आणि बहुतेकांचे पगार नुकतेच झालेत. टीझर मात्र महिनाअखेरीला सुरू होणार. तेव्हा खिसा रिकामा असतो, माणूस बघतो, सेव्ह करतो आणि पगाराची वाट पाहतो.

पहिली पोस्ट गुरुवारी, २८ मे रोजी. त्यात बाटली नाही, मॉडेलही नाही. उन्हात धरलेला एक टिपकागद आणि त्यावर कपाळाचा, नाकाचा तेलाचा पारदर्शक डाग. खाली मजकूर एवढाच : ‘सकाळी नऊला धुतलेला चेहरा, दुपारी बाराचा कागद. यावर काय बनवलंय ते सोमवारी, १ जूनला दाखवतो.’ ज्याच्या चेहऱ्याला तेल सुटतं त्याला तो डाग स्वतःचा वाटतो आणि ज्याची त्वचा कोरडी आहे तो पुढे निघून जातो. त्याने जायलाच हवं, त्याला हे सीरम विकायचंच नाही. हा विषय चेहऱ्याच्या निगेचा आहे हे इथे लपवायचं नाही. झाकलेली गोष्ट एकच : यावर यांनी काय बनवलं?

१ जूनच्या दुसऱ्या पोस्टने हे उत्तर द्यायचं. सात-आठ सेकंदांचा व्हिडिओ पुरतो : काचेवर ड्रॉपरमधून एक थेंब पडतो, काच तिरकी होते आणि थेंब ओघळतो. सीरम पाण्यासारखं पातळ आहे की मधासारखं दाट, हे त्या ओघळण्यावरून कळतं आणि तेलकट त्वचेच्या माणसाला नेमकी तीच धास्ती असते, की लावल्यावर चेहरा चिकट होईल. वर अक्षरं : ‘५ टक्के नायासिनमाइड. सुगंध नाही.’ घटक शेवटपर्यंत गुपित ठेवावा असं अनेकांना वाटतं, पण मला ती चूक वाटते. सीरम घेणारा ग्राहक हल्ली बाटलीची मागची बाजू वाचतो, नायासिनमाइड सोसतं की नाही हे त्याला अनुभवाने माहीत असतं आणि घटक कळल्याशिवाय तो थांबण्याचा निर्णय घेऊच शकत नाही. त्याला दुसरं काहीतरी विकत घेण्यापासून आठवडाभर थांबवणं, एवढंच तर टीझरचं काम आहे. या पोस्टचं पुढचं देणं : ‘किंमत, पूर्ण घटकयादी आणि कोणी वापरू नये ते गुरुवारी, ४ जूनला.’

तिसरी पोस्ट कशी लिहायची, हे मधल्या तीन दिवसांत लोकच सांगतात. पहिल्या पोस्टखाली कोणी ‘फेसवॉश आहे का?’ असं विचारलं असेल, तर टिपकागदाचा अर्थ धुण्याकडे गेला. मग दुसऱ्या पोस्टमध्ये ‘सीरम’ हा शब्द ठळक हवा. दुसरीखाली प्रश्न येतात : क जीवनसत्त्वाच्या सीरमसोबत चालेल का, बाळंतपणानंतर लावू का, नवऱ्याने वापरलं तर? हे प्रश्न सोन्यासारखे आहेत. लाइक मोजण्यात फारसा अर्थ नाही, ते मावसबहिणीही देतात. किती जणांनी पोस्ट सेव्ह केली, किती जणांनी दुसऱ्याला पाठवली आणि किती जणांनी नेमका प्रश्न विचारला, हे तीन आकडे वहीत लिहावेत. पहिलीपेक्षा दुसरीला लाइक कमी आणि सेव्ह जास्त असतील तर घाबरू नये, बघे गळाले आणि गिऱ्हाईक उरलं.

४ जूनला अखेर बाटली दिसते, पण एका चित्रात नव्हे, चार चित्रांच्या मालिकेत. पहिल्यात बाटली आणि ४४९ रुपये. दुसऱ्यात लेबलची मागची बाजू, वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात. तिसऱ्यात आलेल्या प्रश्नांपैकी तीन आणि त्यांची सरळ उत्तरं. ज्याचं उत्तर ठाऊक नाही तिथे त्वचारोगतज्ज्ञांना विचारा, असं लिहायचं. चौथ्यात कोणी घेऊ नये ते : त्वचा आधीच सोललेली किंवा लाल झालेली असेल तर थांबा, नायासिनमाइडने आधी चुणचुण झाली असेल तर नको आणि बाकीच्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. किंमत अशी आधीच सांगितली की ‘किंमत इनबॉक्समध्ये’ हा त्रासदायक खेळ संपतो. ज्याला ४४९ परवडत नाहीत तो शनिवारी वेळ घालवत नाही, ज्याला परवडतात तो पैसे बाजूला ठेवतो.

आता इन्स्टाग्रामच्या दोन खोडी. पहिली म्हणजे, पोस्ट टाकलेल्या क्रमाने लोकांना दिसतीलच असं नाही. एखाद्याला तिसरी आधी दिसते आणि पहिली दोन दिवसांनी. म्हणून ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द टीझरमध्ये वर्ज्य. वार आणि तारीख दोन्ही लिहायची आणि प्रत्येक पोस्ट एकटी वाचली तरी विषय कळला पाहिजे. दुसरी खोड प्रोफाइलची. तिथे एका ओळीत तीन चौकटी बसतात आणि नवी पोस्ट डावीकडे येते. म्हणजे तीन पोस्ट झाल्यावर ओळ डावीकडून वाचणाऱ्याला आधी बाटली, मग थेंब, मग टिपकागद असं उलटं दिसतं. एकच चित्र तीन तुकड्यांत कापून टाकायचा मोह होतो. तसं करायचंच तर उजवा तुकडा आधी टाकावा लागतो. पण मुख्य प्रवाहात तो तुकडा एकटाच दिसतो आणि शनिवारी चौथी पोस्ट पडली की सगळी ओळ एक घर सरकून चित्र मोडतं. प्रोफाइलवर वर टाचून ठेवता येणाऱ्या पोस्टची मर्यादाही तीनच आहे, त्यामुळे लाँचच्या दिवशी टिपकागद खाली सोडून द्यावा.

शब्दांच्या बाबतीत मात्र कायदा दार ठोठावतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारं, सुंदर करणारं, रूप बदलणारं. ‘तेलकटपणा कमी दिसतो’ हे त्यात बसतं. ‘मुरुमं बरी करतं’ म्हटलं की तो औषधाचा दावा झाला. टीझर कोड्याच्या भाषेत असला तरी ती जाहिरातच, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ‘सात दिवसांत फरक’ लिहिताना हाताशी पुरावा हवा. नायासिनमाइडचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात हे जाणकार ग्राहकालाही ठाऊक असतं, तेव्हा तो दंडाच्या आधी खाली कमेंटमध्येच भेटतो. आधीचा-नंतरचा फोटो तर या सीरमसाठी नकोच : चकाकी दिव्याच्या कोनावर अवलंबून असते, दिवा हातभर सरकवला की तेल गायब. रंग उजळण्याचा इशाराही नको. गडद रंगाला कमी लेखू नये, असं भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ सालीच बजावलं आहे. आणि कोणा ओळखीच्या इन्फ्लुएन्सरला फुकट बाटली देऊन टीझर पुढे पाठवायला सांगितलं, तर ती जाहिरात आहे असं तिने ठळक लिहायलाच हवं.

एवढं करूनही सगळी बांधणी कोसळते ती बहुतेकदा गोदामात. सीरम तयार असतं, पण ड्रॉपर आलेले नसतात. किंवा लेबलवर बॅच नंबरची जागाच सुटलेली असते आणि छपाई पुन्हा करावी लागते. मालकाला वाटतं, चार दिवसांत येईल, टीझर तरी सुरू करू. म्हणून माझ्या मते २८ मेची पोस्ट पाडायची अट एकच : भरलेल्या, लेबल लावलेल्या ५०० बाटल्या घरात मोजून झालेल्या असाव्यात. त्यातली एक उघडून ड्रॉपर गळत नाही ना, हेही पाहिलेलं असावं. व्हिडिओतला थेंबही त्याच बॅचचा हवा, नमुन्याचा नव्हे. नमुना अनेकदा थोडा वेगळा दाट असतो आणि घरी पोचलेली बाटली व्हिडिओसारखी ओघळली नाही की फोटोसकट तक्रार येते. तारीख तरीही हुकलीच, तर त्याच दिवशी, ठरल्या वेळेच्या आधी, कारण आणि नवी तारीख सांगणारी साधी पोस्ट टाकायची. धुक्यातली बाटली पुन्हा दाखवायची नाही.

शनिवारी ११ वाजता चौथी पोस्ट पडते. तिच्यात सांगण्यासारखं फार काही उरलेलं नसतं : बाटली, दुवा, किती शिल्लक. आणि किंमत तिसऱ्या पोस्टमध्ये, चौथ्या पोस्टमध्ये, शिवाय प्रोफाइलवर लिहूनही अकरा वाजून दोन मिनिटांनी पहिली कमेंट येते, ‘ताई, कितीला?’ तिला उत्तर द्यायला दोघींपैकी एकीने फोन हातात घेऊन बसायचं, दुसरीने खोकी बांधायला घ्यायची.