सर्दी, व्हिटॅमिन सी आणि बातमीचा मथळा

‘व्हिटॅमिन सी घेतल्यास सर्दीचा धोका निम्मा’ असा मथळा देता येईल, आणि त्याला आधारही सापडेल. २०१३ साली कॉक्रेन या संस्थेने या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात धोका निम्म्याने घटल्याचा आकडा खरोखरच आहे. पण तो कोणाचा? मॅरेथॉन धावपटू, स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशा सुमारे ६०० जणांचा, आणि तोही फक्त पाच चाचण्यांतला.

सर्वसामान्य माणसांचा आकडा वेगळा आहे. २४ चाचण्या, १० हजारांवर लोक, आणि रोज गोळी घेऊनही सर्दी होण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच. इतक्या चाचण्या एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून हा निष्कर्ष भक्कम. रोज घेणाऱ्या प्रौढांची सर्दी मात्र सुमारे ८ टक्के लवकर बरी झाली. सात दिवसांची सर्दी धरली, तर हा फरक जेमतेम अर्ध्या दिवसाचा. बातमीत टक्क्यांऐवजी हा अर्धा दिवसच लिहावा; वाचकाला तोच कळतो.

आपल्याकडे बहुतेक जण शिंका सुरू झाल्यावर गोळी घेतात. त्याचा फायदा चाचण्यांत सातत्याने दिसलेला नाही. तेव्हा पत्रकार मित्रांनो, आढाव्याच्या सारांशातला सर्वांत मोठा आकडा उचलण्याआधी तो किती जणांवरून आणि कोणत्या माणसांवरून काढला आहे, एवढे जरूर पाहा.