‘कळवतो’ म्हणालात, आता नकार कसा कळवाल?

रविवारी बघण्याचा कार्यक्रम झाला. कांदेपोहे, चहा, गॅलरीत दोघांचं पंधरा मिनिटं बोलणं आणि निघताना ‘घरी बोलून कळवतो’. रात्री मुलगा आईला म्हणाला, ‘नाही जमणार.’ मुलीकडचे मात्र फोनची वाट पाहत राहतात, दुसरं आलेलं स्थळ थांबवून ठेवतात आणि दहा दिवसांनी मध्यस्थाला विचारतात. उत्तरच न देणं हा सर्वांत त्रासदायक नकार.

कळवायचं कधी? दोन-तीन दिवसांत. त्याच रात्री फोन गेला, तर विचारसुद्धा केला नाही असं वाटतं. फोन शक्यतो त्यानेच करावा, ज्याने आधी बोलणी केली होती. मामांनी स्थळ सुचवलं असेल, तर मामांनी. मध्यस्थावर सगळं सोपवलं, की तो स्थळ हातचं जाऊ नये म्हणून ‘अजून विचार चालू आहे’ असं सांगण्याची शक्यता असते. त्यामुळे त्यालाही तेच वाक्य सांगावं.

खरी पंचाईत कारणाची. सर्वांत वापरलेली सबब पत्रिकेची; पण बघायला जाण्याआधीच पत्रिका जुळवली असेल, तर ती लगेच उघडी पडते. शिवाय समोरून उत्तर येतं, ‘आमच्या गुरुजींना दाखवू या.’ ‘मुलाला अजून वर्षभर लग्न करायचं नाही’ हेही तसंच. चार महिन्यांत त्याचा साखरपुडा झाल्याचं कळतंच. ज्या सबबीवर तोडगा निघू शकतो, ती सांगू नये.

मुलाच्या मामांचा फोन साधारण असा असावा :

‘नमस्कार भाऊसाहेब. रविवारी तुम्ही सगळ्यांनी छान आदरातिथ्य केलंत. आम्ही घरी बोललो. आमच्याकडून हे स्थळ पुढे न्यायचं नाही असं ठरलंय. तुम्ही वाट पाहू नये म्हणून लगेच फोन केला.’

‘काही चुकलं का आमचं?’

‘अजिबात नाही. दोघांच्या अपेक्षा जुळतील असं वाटलं नाही, एवढंच.’

‘मुलांना आणखी एकदा भेटू द्या की.’

‘नको भाऊसाहेब, निर्णय झालाय. उगाच आशा लावणं बरं नाही.’

इथे मुलीच्या रंग-उंचीचा, नोकरीचा, घराचा उल्लेख नाही. ‘मुलाला पसंत नाही’ असंही नाही. निर्णय घराने घेतला, घरानेच सांगितला. आग्रह झाला, तर नवं कारण न शोधता तेच वाक्य पुन्हा म्हणावं. दुसरं कारण दिलं, की पहिलं खोटं ठरतं.

फोन उचलला नाही, तर संध्याकाळी पुन्हा करावा; तेव्हाही नाही झाला, तर हाच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवावा. ‘सध्या’, ‘बघू’, ‘तूर्तास’ हे शब्द मात्र गाळावेत, कारण मुलीचे वडील त्यातूनच होकाराची वाट शोधतात. आणि मुलीचा बायोडाटा नि फोटो मोबाइलमधून काढून टाकावेत. तिच्या घरच्यांना न विचारता ‘दुसरीकडे चालेल’ म्हणून पुढे पाठवू नयेत.