दावणीला बांधलेल्या गाईचे लंगडणे कॅमेऱ्यातून कसे ओळखावे?

बेळगाव आणि निपाणी परिसरातील गोठ्यांवर कॅमेरे बसू लागले ते मुख्यतः चोरीच्या आणि अवेळी विणाऱ्या गाईच्या काळजीपोटी. रात्री गोठ्यात न जाता मोबाइलवर गाय दिसली की मालकाला पुरेसे वाटते. मात्र त्याच चित्रणात आणखी एक गोष्ट रोज नोंदली जात असते, ती म्हणजे गाय आपले वजन चार पायांवर कसे वाटून घेते. गोव्याच्या घराघरांत पोहोचणाऱ्या दुधापैकी बराचसा वाटा घाटापलीकडून येतो, त्यामुळे तिकडच्या गाईच्या खुराचे दुखणे इथल्या ग्राहकालाही अगदीच परके नाही.

पाय दुखणारी गाय ते दुखणे झाकते. कळपात राहणाऱ्या, शिकार होऊ शकणाऱ्या प्राण्याचा हा स्वभावच आहे. माणूस जवळ आला की ती चारही पाय टेकून सरळ उभी राहते. ब्रिटनमधील दुग्धशाळांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रशिक्षित निरीक्षकांना दर शंभरांत सुमारे बावीस गाई लंगडताना आढळल्या. त्याच मालकांचा अंदाज मात्र शंभरांत सहाच्या आतला होता. मालक निष्काळजी होते असे नव्हे. रोज पाहिलेले हळूहळू बदलले की डोळ्याला बदल जाणवत नाही. त्याच देशातील २००२ च्या एका अभ्यासाप्रमाणे लंगडणाऱ्या गाईचे दूध तिचे दुखणे लक्षात येण्याच्या चार महिने आधीपासूनच घटू लागलेले असते. कॅमेऱ्याचा उपयोग होतो तो याच मधल्या काळात.

परदेशात या विषयावर जे काम झाले ते चालत्या गाईवर. अमेरिकेतील मिशिगन येथील संशोधकांनी १९९७ साली एक ते पाच अशी गुणपद्धत मांडली आणि ती आजही प्रमाण मानली जाते. उभी असताना व चालताना पाठ सपाट असेल तर एक गुण. उभी असताना सपाट, पण चालताना पाठीला कमान आली तर दोन. दोन्ही वेळी कमान आणि पावले आखूड असतील तर तीन. चौथ्या पायरीवर गाय एकेक पाऊल जपून टाकते, पाचव्यावर पाय टेकायलाच तयार नसते. पुढे बेल्जियममधील ल्यूव्हन विद्यापीठातील अभ्यासकांनी पाठीची हीच कमान चित्रणातून संगणकाकरवी मोजून दाखवली. आता दूध काढण्याच्या जागेतून बाहेर पडणाऱ्या वाटेवर, वर टांगलेल्या साध्या कॅमेऱ्यातून प्रत्येक गाईला गुण देणाऱ्या प्रणालीही बाजारात आहेत.

सीमाभागात अडचण येते ती इथेच. येथील बहुसंख्य गोठ्यांत गाय चालतच नाही. मुक्त संचार गोठे वाढत असले, तरी चार-आठ जनावरांचा गोठा म्हणजे अजूनही एक दावण, पुढे गव्हाण आणि मागे मूत्राची नाली. शिवाय या प्रणाली प्रामुख्याने होल्स्टीन गाईंच्या चित्रणावर घडल्या आहेत. वशिंड असलेल्या संकरित गाईची पाठ मुळातच सरळ रेषेत नसते आणि म्हशीची ठेवण तर आणखी वेगळी, त्यामुळे तेच माप त्यांना थेट लावता येत नाही. अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवरून गाय ओळखण्याची युक्तीही एकरंगी जर्सी संकरित गाईवर किंवा म्हशीवर लंगडी पडते. दावणीला मात्र प्रत्येकीची जागा ठरलेली असते, म्हणून ओळखीचा प्रश्न आपोआप सुटतो.

बांधलेल्या गाईसाठी वेगळी पद्धत लागते आणि ती उपलब्ध आहे. युरोपात व कॅनडातही बांधून ठेवलेल्या गाईंचे गोठे बरेच आहेत. तेथील अभ्यासकांनी उभ्या गाईच्या चार हालचाली निवडल्या. मागचे पाय आलटून-पालटून उचलून वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, ही पहिली. ओट्याच्या कडेवर खूर टेकवून उभे राहणे, म्हणजे खुराचा काही भाग अधांतरी ठेवणे, ही दुसरी. एकच पाय वारंवार सैल सोडून फक्त टोकावर टेकवणे, ही तिसरी. आणि गाईला डावी-उजवीकडे सरकवले असता एका पायावर भार घेण्यास तिने टाळाटाळ करणे, ही चौथी. यांपैकी दोन किंवा अधिक गोष्टी दिसल्या तर गाय लंगडी समजावी. पद्धत अचूक नाही. किंचित दुखणाऱ्या काही गाई तिच्यातून निसटतात. तरीही दावणीसमोर उभे राहून नुसते पाहण्यापेक्षा ती पुष्कळ बरी.

यासाठी कॅमेरा कुठे लावावा याला महत्त्व आहे. चोरीसाठी लावलेला कॅमेरा बहुधा दाराकडे किंवा गव्हाणीकडे तोंड करून असतो, त्यात गाईची डोकी दिसतात. दुभत्या गाईचे बहुतांश लंगडणे मागच्या पायांत असते आणि तेही बहुधा दुभंगलेल्या खुराच्या बाहेरच्या नखीत. त्या नखीवरचा भार टाळण्यासाठी गाय टाचेचे सांधे आत वळवते आणि खुरांची टोके बाहेर काढते. हे दिसते ते फक्त मागून. म्हणून एक कॅमेरा दावणीच्या मागे, शेपटाच्या उंचीच्या थोडा वर आणि पाय पूर्ण दिसतील असा असावा. रुंद कोनाच्या भिंगात चित्राच्या कडेच्या रेषा वाकतात. टोकाच्या गाईची पाठ त्यामुळे कमानीसारखी भासते, म्हणून निष्कर्ष मधल्या भागातल्या चित्रावरूनच काढावा. गोठ्याची एक बाजू उघडी असेल तर दुपारच्या उजेडासमोर गाय नुसती काळी आकृती होते. अशा वेळी कॅमेऱ्याची पाठ उजेडाकडे करावी लागते. पावसाळ्यात भिंगापुढे कोळ्याचे जाळे आले की रात्रीचे चित्र पांढरे पडते, ही तक्रार क्षुल्लक वाटली तरी सर्वांत जास्त चित्रण तीच वाया घालवते.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, निपाणीजवळच्या आठ गाईंच्या गोठ्यातील चौथ्या जागेवरची संकरित गाय अडीच महिन्यांपूर्वी व्यालेली आहे. मालक दररोज दुपारी दोनच्या सुमाराचे, माणसे जेवायला गेलेली असतानाचे, दहा मिनिटांचे चित्रण पाहतो. पहिल्या आठवड्यात ती त्या वेळात मागचे पाय दोनदा-तीनदा हलवते. शेजारच्या गाईही तितकेच हलवतात. तिसऱ्या आठवड्यात हीच संख्या आठ-नऊवर जाते आणि उजवा मागचा पाय ती अनेकदा टोकावर टेकवते. शेजारणींत काहीच बदल नाही. तुलना दुसऱ्या गाईशी नव्हे, तिच्याच मागच्या आठवड्याशी करायची, हे इथे ध्यानात येते.

पण लगेच निष्कर्ष काढू नये. माश्या बसल्या तरी गाय पाय उचलते. मात्र माशी उडवताना पाय झटकन आपटला जातो, पुढचा-मागचा कोणताही असतो आणि शेपूटही हलत असते. दुखऱ्या पायाची उचल संथ असते आणि वजन दुसऱ्या बाजूला गेल्याचे कमरेच्या हालचालीवरून दिसते. रात्रीच्या, माश्या नसतानाच्या चित्रणातही तेच आढळले तर संशय पक्का होतो. धारेची वेळ जवळ आली की कास भरलेली गाय अस्वस्थपणे पाय बदलते, म्हणून ती वेळ तपासणीसाठी घेऊ नये.

यानंतर मालक तिला दूध काढल्यावर सोडून पाण्याच्या टाकीपर्यंत नेतो आणि बाजूने मोबाइलवर चित्रण करतो. आठ-दहा पावलेही पुरतात. उभी असताना पाठ सपाट, चालताना कमान : म्हणजे गुण दोन. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर न पडता अलीकडेच पडतो आहे. ओल्या, गुळगुळीत काँक्रीटवर धडधाकट गायही अशीच जपून चालते. सगळ्याच गाई आखडून चालत असतील तर दोष पायांत नसून जमिनीत असतो. हिच्याबाबत ते कारण नाही, कारण उरलेल्या सात मोकळ्या चालतात.

पशुवैद्य पाय उचलून, तळवा साळून पाहतात तेव्हा बाहेरच्या नखीच्या तळाशी व्रण सापडतो. त्याचे मूळ बरेच जुने असते. विण्याच्या सुमारास खुरातील हाड धरून ठेवणाऱ्या उती सैल पडतात, त्यावेळी कठीण जमिनीवर दीर्घकाळ उभे राहिल्यास तळव्याला आतून इजा होते आणि शिंगासारखा थर वाढत ती पृष्ठभागावर यायला सहा-आठ आठवडे किंवा अधिक काळ जातो. खुरे साळून, निरोगी नखीला लाकडी ठोकळा चिकटवून दुखऱ्या नखीवरचा भार काढला, सोबत वेदनाशामक दिले, तर अशी गाय सहसा सुधारते. दोन गुणांवर पकडलेली आणि चार गुणांवर पकडलेली गाय यांच्यात फरक पडतो तो इथे.

चित्रणाचा दुसरा मोठा लाभ म्हणजे दुखणे किती वेगाने आले ते कळते. खुराचे दुखणे आठवड्यांनी वाढते. काल संध्याकाळी ठीक असलेली गाय आज आखडली, उद्या दुसऱ्याच पायाने लंगडू लागली आणि अंगात ताप असेल, तर पावसाळ्यात तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, आठवावा. एकाच वेळी अनेक जनावरे पाय झटकत असतील आणि तोंडातून लाळ गळत असेल तर लाळ्या-खुरकूताचा संशय घेऊन जनावरे वेगळी करावीत. आणि दोन वर्षांखालचे, चांगल्या अंगाचे वासरू रात्रीत एका मांडीने लंगडू लागले, मांडी सुजली, दाबल्यास करकर आवाज आला, तर तो फऱ्या असू शकतो. तिथे चित्रण पाहत बसायला वेळच नसतो. जनावर एक-दोन दिवसांत दगावते.

लंगडण्यापलीकडच्या आजारांत कॅमेरा कमी बोलतो, पण एक विरोधाभास उपयोगी पडतो. निरोगी गाय दिवसातले दहा-बारा तास किंवा थोडे अधिक बसून काढते. पाय दुखणारी गाय त्याहून जास्त बसते. कासदाह झालेली गाय मात्र कमी बसते, कारण सुजलेली कास खाली दाबली गेली की दुखते. विल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत गाय मान कुशीकडे वळवून पडून राहिलेली दिसली, तर कॅल्शियमच्या कमतरतेचा विचार करून तातडीने पशुवैद्यांना बोलवावे. वैरण टाकताच इतर गाई माना घालतात आणि एक तोंड फिरवून उभी राहते, हे चित्रही मागच्या दिवसाशी ताडून पाहिले तर ताप मोजण्याआधीच दिसते.

पशुवैद्यांना दूरध्वनी करताना तासन्‌तासांचे चित्रण पाठवून उपयोग नसतो. मागून घेतलेली उभ्या गाईची दोन मिनिटे, बाजूने घेतलेली दहा पावले आणि त्याच गाईची दोन आठवड्यांपूर्वीची दोन मिनिटे, एवढे त्यांना पुरते. तिसरी चित्रफीत बहुतेकांकडे नसते, कारण नोंदणी यंत्रातील जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. त्यामुळे दर रविवारी प्रत्येक गाईची दोन मिनिटे वेगळी साठवून ठेवणे गरजेचे ठरते.