शेकोटीजवळचं शेवटचं बोलणं

मे महिन्यातल्या निवासी शिबिरात ताई किंवा दादा मुलांचा निरोप नेमका कधी घेतात? अनुभवी ताई शेवटच्या सकाळची वाट पाहत नाहीत. त्या सकाळी मुलांचं लक्ष पिशवीत न मावणाऱ्या चादरीकडे, हरवलेल्या सॉक्सकडे आणि फाटकाबाहेर थांबणाऱ्या गाड्यांकडे असतं. म्हणून बोलायचं ते आदल्या रात्री, जेवणानंतर. शेकोटी अजून पेटती असावी आणि मुलं पेंगायला लागलेली नसावीत. पाच-सात मिनिटं पुरतात.

बोलायचं आपापल्या गटात, सगळ्या शिबिरासमोर नव्हे. 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, तेव्हा एवढ्याच मुलांचेही त्यांनी चार गट केले होते. लहान गटात कोण कसं आहे हे दिसतं आणि शेवटच्या रात्री तेच दिसलेलं उपयोगी पडतं. साठ मुलांसमोर माइकवर ‘तुम्ही सगळे खूप छान होतात’ म्हटलं, तर ते कुणालाच उद्देशून नसतं.

समजा, गटात नऊ मुलं आहेत. ताई खुर्चीवर न बसता त्यांच्याबरोबर गोलात सतरंजीवर बसते आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगते. ‘तू हुशार आहेस’ हे ते वाक्य नव्हे, तिनं स्वतः पाहिलेली गोष्ट सांगायची. ‘ओढा ओलांडताना तू सगळ्यात शेवटी आलीस, पण मागं राहिलेल्या छोटीचा हात धरून आलीस.’ ‘पहिल्या रात्री तुला आईची आठवण येत होती. तिसऱ्या रात्री शेजारचा रडला, तेव्हा तू त्याला स्वतःची टॉर्च दिलीस.’ (रडण्याचा उल्लेख सगळ्यांसमोर चालेल का, हे त्या दोघांना आधी बाजूला घेऊन विचारलेलं असतं. कुणी नको म्हणालं, तर दुसरी गोष्ट शोधायची.)

ही वाक्यं ऐनवेळी सुचत नाहीत. त्यासाठी रोज रात्री मुलं झोपल्यावर वहीत प्रत्येकाच्या नावापुढं एक ओळ लिहावी लागते. तीन दिवस एखाद्या नावापुढं काहीच लिहिलं गेलं नाही, तर ते मूल आपल्या नजरेतून सुटलंय. बहुधा ते ना दंगा करणारं असतं, ना पुढं पुढं करणारं. चौथ्या दिवशी भाजी चिरायला त्याला शेजारी बसवायचं. शेवटच्या रात्री त्याचं वाक्य इतरांइतकंच लांब हवं. कुणाला तीन वाक्यं मिळाली आणि कुणाला अर्धं, हे मुलं बरोबर मोजतात.

मग घराबद्दल थोडं बोलायचं. नवखे दादा हा भाग गाळतात. माझ्या मते खरं कामाचं बोलणं हेच. ‘घरी गेल्यावर एक-दोन दिवस करमणार नाही. कुणावर उगाच चिडाल, खूप झोपाल. तसं होतं, घाबरू नका. आणि आईनं शिबिर कसं झालं विचारलं, तर नुसतं “मस्त” म्हणू नका. आपण शिकलो त्यातली एक गाठ आजीला बांधून दाखवा.’ गाठ दाखवता दाखवता बाकीच्या गोष्टी आपोआप बाहेर येतात.

एक वाक्य मात्र टाळायचं: ‘पुढच्या वर्षी आपण सगळे नक्की भेटू.’ कुणाची वयोमर्यादा संपते, कुणाच्या वडिलांची बदली होते, ताईलाच नोकरी लागते. ‘तुमच्याबरोबर मला मजा आली’ एवढं खरं आहे आणि तेवढंच म्हणावं. कुणी ताईचा फोन नंबर मागितला, तर संस्थेचा पत्ता द्यावा.

एकाला रडू आलं की चौघांना येतं. ते थांबवायची घाई नको, पण रडवण्यासाठी दुःखी गाणंही नको. (काही शिबिरांत रडणाऱ्यांची संख्या हेच यश समजतात, ते मला पटत नाही.) बोलणं संपलं की हातांना काम द्यायचं. बादल्या आणायच्या, निखाऱ्यांवर पाणी ओतायचं, काठीनं राख ढवळायची, पुन्हा पाणी. ताई राखेजवळ पालथा हात नेऊन धग उरली नाही ना ते पाहते, मग सगळे झोपायला जातात.

सकाळी पालकांशीही बोलायचं असतं. तिथं तक्रारींचा पाढा नको. वहीतली तीच ओळ मुलासमोर पालकांना सांगायची. ज्यांचे आईबाबा उशिरा येणार आहेत, त्यांची यादी आदल्या रात्रीच हाताशी ठेवायची, कारण सगळे गेल्यावर उरलेल्या एकट्या मुलाला ती सकाळ फार लांब वाटते. त्याला तंबूच्या खुंट्या मोजायला बसवायचं आणि त्याला न्यायला कुणी येईपर्यंत ताईनं तिथून हलायचं नाही.