अरल समुद्र कुठे सर्वाधिक आटला? उपग्रहचित्रे वाचतानाचे गैरसमज

कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांच्या सीमेवरचा अरल समुद्र हा नावाने समुद्र असला तरी प्रत्यक्षात खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. 1960 साली त्याचे क्षेत्रफळ सुमारे 68 हजार चौरस किलोमीटर होते. त्याला पाणी पुरवणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवले गेले आणि सरोवर आटू लागले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस उत्तरेचा छोटा भाग दक्षिणेच्या मोठ्या भागापासून तुटला. पुढे दक्षिण भागाचेही दोन तुकडे झाले: पूर्वेचे उथळ, पसरट पात्र आणि पश्चिमेचे खोल, अरुंद पात्र. अमेरिकेच्या ‘टेरा’ उपग्रहावरील ‘मोडिस’ हे उपकरण 2000 सालापासून या प्रदेशाची चित्रे जवळजवळ रोज टिपत आले आहे. एकाच सरोवराची वर्षानुवर्षांची चित्रे शेजारी ठेवून ‘पाणी सर्वाधिक कुठे घटले’ हे ठरवण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. चुकीचे निष्कर्षही याच चित्रांवरून सर्रास काढले जातात.

गैरसमज: चित्रात निळे दिसते ते पाणी, बाकीची जमीन.

डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांवर इथे भरवसा ठेवता येत नाही. अरलच्या चित्रांत खोल पाणी गडद, जवळजवळ काळपट दिसते. उथळ पाणी फिकट हिरवे दिसते, कारण त्यातून तळ डोकावतो. कोरड्या पडलेल्या तळावर मिठाचा पांढरा थर असतो, तर नुकताच उघडा पडलेला ओला चिखल इतका गडद असतो की दुरून तो पाण्यासारखाच भासतो. पूर्वेच्या पात्रात फिकट पाणी, ओला चिखल आणि मीठ एकमेकांत मिसळलेले असल्याने काठाची रेषा नुसत्या नजरेने आखली, तर दोन माणसे दोन वेगळ्या रेषा आखतील.

यावरचा उपाय पाण्याच्या एका गुणधर्मात आहे. पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परत पाठवते, पण डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेते. माती आणि मीठ तो शोषत नाहीत. म्हणून चित्रातल्या प्रत्येक चौकटीसाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, पुढील निर्देशांक काढतात:

```
NDWI = (Green - NIR) / (Green + NIR)
```

समजा, स्वच्छ पाण्याच्या पिक्सेलमध्ये हिरव्या प्रकाशाचे परावर्तन 0.06 आणि निकट-अवरक्ताचे 0.02 आहे. निर्देशांक येतो 0.5. मिठाच्या थरावर हीच मूल्ये 0.45 आणि 0.50 असतील, तर निर्देशांक उणे 0.05 च्या आसपास जातो. शून्याच्या वरचे ते पाणी, ही पहिली ढोबळ कसोटी. मात्र गढूळ उथळ पाण्यात दोन्ही मूल्ये जवळजवळ सारखी होतात आणि निर्देशांक शून्यालगत घोटाळतो. अशा ठिकाणी निकट-अवरक्ताऐवजी त्याहून लांब तरंगलांबीचा लघुतरंग-अवरक्त पट्टा वापरला, की पाणी आणि जमीन अधिक स्पष्ट वेगळी होतात. निवडलेली सीमा प्रत्येक वर्षी तीच राहिली पाहिजे, हे सर्वांत महत्त्वाचे. एका वर्षी 0 आणि दुसऱ्या वर्षी 0.1 धरले, तर पाणी न हलताही सरोवर ‘आटलेले’ दिसेल.

गैरसमज: पहिले आणि शेवटचे चित्र घेतले, की काम झाले.

अरलच्या खोऱ्यात डोंगरांवरचे बर्फ वितळून येणारे पाणी आणि उन्हाळ्यातले प्रखर बाष्पीभवन यांमुळे पाण्याचा पसारा एकाच वर्षात बराच बदलतो. हिवाळ्यात पाण्यावर बर्फ साचते आणि बर्फ व मीठ दोन्ही पांढरीच दिसतात. म्हणून तुलनेची सगळी चित्रे एकाच ऋतूतली हवीत. नासाने प्रसिद्ध केलेली अरलची प्रसिद्ध चित्रमालिका ऑगस्ट महिन्याभोवतीची आहे, ती योगायोगाने नव्हे. तेव्हा वसंतातला पूर ओसरलेला असतो आणि गोठण्याचा प्रश्न नसतो.

ऋतू सारखा ठेवूनही वर्षांची निवड फसवू शकते. 2005 ते 2009 या काळात दुष्काळामुळे अमू दर्याचा प्रवाह आधी रोडावला आणि मग तुटला. पूर्वेचे पात्र झपाट्याने आक्रसत 2009 मध्ये जवळजवळ कोरडे पडले. 2010 मध्ये तिथे पुन्हा पाणी पसरलेले दिसते. 2014 च्या ऑगस्टमध्ये मात्र तोच भाग आधुनिक काळात प्रथमच पूर्ण कोरडा झाला आणि पुढे ओल्या-कोरड्या वर्षांनुसार पाणी परत येत-जात राहिले. त्यामुळे 2000 ची तुलना 2009 शी केली तर एक उत्तर येते आणि 2010 शी केली तर दुसरे. मधली सगळी वर्षे मांडल्यावरच कोणता बदल कायमचा आणि कोणता एका वर्षापुरता, हे उलगडते.

चित्रातील दोषही इथेच तपासावे लागतात. ‘लँडसॅट 7’ उपग्रहाच्या उपकरणातला एक भाग मे 2003 मध्ये बिघडला आणि त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात सुमारे 22 टक्के भाग रिकाम्या पट्ट्यांच्या रूपात गायब आहे. या पट्ट्या किंवा ढगाखाली गेलेला भाग ‘पाणी नाही’ असा मोजला गेला, तर कागदोपत्री सरोवर आटते. अशा पिक्सेलना ‘माहिती नाही’ हा वेगळा शेरा द्यावा लागतो.

गैरसमज: काठ जिथे सर्वाधिक मागे हटला, तिथेच सर्वाधिक पाणी गेले.

हा गैरसमज सर्वांत रुजलेला आहे आणि तो समजून घ्यायला थोडे गणित लागते. काठ किती मागे हटतो, हे दोन गोष्टींवर ठरते: पातळी किती उतरली आणि तळाचा उतार किती आहे. अरलच्या पूर्वेचा तळ ताटासारखा सपाट आहे. पश्चिमेला उस्त्युर्त पठाराचा कडा थेट पाण्यात उतरतो.

कल्पना करू की दोन्ही पात्रांची पातळी 1 मीटरने उतरली आणि दोन्हीकडे 100 किलोमीटर लांबीचा काठ विचारात घेतला. पूर्वेला दर 2 किलोमीटरला 1 मीटर असा उतार धरला, तर काठ 2 किलोमीटर मागे सरकेल आणि 200 चौरस किलोमीटर तळ उघडा पडेल. पश्चिमेला 50 मीटरला 1 मीटर असा उतार धरला, तर काठ फक्त 50 मीटर हटेल आणि 5 चौरस किलोमीटर जमीन दिसेल. चित्रात पूर्वेकडचा बदल 40 पट मोठा.

आता पाण्याचे आकारमान पाहू. पूर्वेच्या उघड्या पट्टीवर आधी सरासरी अर्धा मीटर पाणी होते, म्हणजे तिथून गेलेले पाणी 0.1 घन किलोमीटर. पण पातळी उरलेल्या पाण्याचीही उतरली आहे. पूर्वेला अजून 10 हजार चौरस किलोमीटर पाणी उरले आहे असे मानले, तर त्याच्या पृष्ठभागावरून 1 मीटर जाडीचा थर, म्हणजे 10 घन किलोमीटर पाणी निघून गेले. पश्चिमेला 5 हजार चौरस किलोमीटर उरले असेल, तर तिथली घट सुमारे 5 घन किलोमीटर. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण निष्कर्ष पक्का आहे: चित्रात 40 पट दिसणारा फरक आकारमानात दुप्पट एवढाच उरतो. शिवाय गमावलेल्या पाण्यातला 99 टक्के वाटा अशा जागेवरून गेला, जिथे दोन्ही चित्रांत पाणीच दिसते.

म्हणून ‘कुठे सर्वाधिक घटले’ हा प्रश्न उपग्रहचित्राला विचारताना तो पृष्ठभागाबद्दल आहे की आकारमानाबद्दल, हे आधी ठरवावे लागते. आकारमानासाठी पातळी लागते. ती 1992 पासून ‘टोपेक्स/पोसायडन’ आणि त्यापुढच्या ‘जेसन’ मालिकेतील उपग्रहांनी रडारच्या साहाय्याने मोजली. 1960 साली समुद्रसपाटीपासून सुमारे 53 मीटरवर असलेली अरलची पातळी 2000 च्या सुमारास दक्षिण भागात 33 मीटरच्या आसपास आली होती. जवळपास 20 मीटरची ही उतरण पश्चिमेच्या काठावर नकाशात जेमतेम जाणवते, तर दक्षिणेला एकेकाळचे बंदर असलेले मोयनाक पाण्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर पडले आहे.

गैरसमज: संपूर्ण सरोवराच्या आकड्यावरून भागांचे चित्र कळते.

तुलना भागवार करायची तर भागांच्या सीमा एकदाच, पहिल्या वर्षाच्या चित्रावर आखून त्या पुढील सर्व वर्षांना तशाच लावाव्यात. दर वर्षी उरलेल्या पाण्याभोवती नवी सीमा आखली, तर घट मोजण्याची जागाच हलत राहते. अरलसाठी उत्तर, पूर्व आणि पश्चिम असे तीन भाग पुरतात. प्रत्येक भागातले पाण्याचे पिक्सेल मोजायचे आणि क्षेत्रफळाने गुणायचे. ‘मोडिस’चा हिरवा पट्टा साधारण 500 मीटरच्या चौकटींचा आहे, म्हणजे चार पिक्सेल मिळून सुमारे एक चौरस किलोमीटर.

काठावरचे पिक्सेल अर्धे पाणी, अर्धी जमीन असतात. 400 किलोमीटर लांबीच्या काठावर रेषा सगळीकडे एकाच बाजूला अर्धा पिक्सेल चुकली, तर 100 चौरस किलोमीटरची चूक होते. त्याहून लहान फरकावरून ‘घट झाली’ म्हणणे धोक्याचे. टक्केवारी आणि चौरस किलोमीटर दोन्ही द्यावेत, कारण छोट्या भागाची मोठी टक्केवारी आणि मोठ्या भागाची छोटी टक्केवारी एकच जमीन उघडी पाडू शकतात.

अशी विभागणी केल्यावर एक गोष्ट समोर येते, जी एकत्रित आकड्यात बुडून जाते. 2005 मध्ये कझाकस्तानने जागतिक बँकेच्या साहाय्याने कोकअराल धरण पूर्ण केले. सिर दर्याचे पाणी उत्तर भागात अडले, तिथली पातळी 42 मीटरपर्यंत चढली आणि पाणी पसरले. म्हणजे ज्या वर्षांत पूर्व भाग सर्वांत वेगाने नाहीसा होत होता, त्याच वर्षांत उत्तर भाग वाढत होता. संपूर्ण सरोवराच्या एकाच आकड्यात ही वाढ पूर्वेच्या घटीत वजा होऊन जाते आणि धरणाचा परिणाम शोधूनही सापडत नाही.

पूर्वेच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. क्षेत्रफळाच्या दृष्टीने 2000 नंतर सर्वाधिक घट याच भागात झाली, यात शंका नाही. पण 2014 मध्ये तो शून्यावर आला आणि शून्याच्या खाली क्षेत्रफळ जात नाही. 2014 हे आरंभवर्ष धरून पुढची तुलना केली, तर पूर्वेत घट दिसणे अशक्यच असते, थोडे पाणी आले तरी ती ‘वाढ’ ठरते आणि ‘सर्वाधिक आटलेला भाग’ हा शिक्का आपोआप पश्चिमेवर बसतो. त्यामुळे पूर्वेसाठी पुढच्या वर्षांत क्षेत्रफळाऐवजी वर्षातून किती महिने तिथे पाणी टिकले हे मोजतात, आणि त्यासाठी ऑगस्टचे एकच चित्र पुरत नाही, वसंतापासून शरदापर्यंतची चित्रे लागतात.