डायलिसिसला बीपी खाली, घरी मात्र वर : गोळी वाढवण्याआधी वजन बघा

नवी मुंबईत डायलिसिस घेणाऱ्यांच्या घरी एक तक्रार नेहमी कानावर येते. मशीनवर अब्बांचं बीपी ९० वर येतं, पायात गोळे येतात, सलाईन द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी घरी मोजलं तर १७०! मग गोळी वाढवायची की कमी करायची?

एक उदाहरण घेऊ. नेरूळचे एक गृहस्थ, ड्राय वेट ५८ किलो. अंगात जादा पाणी नसतानाचं वजन ते ड्राय वेट. दोन दिवसांच्या सुट्टीनंतर ते ६१.५ किलोवर आले, म्हणजे साडेतीन लिटर पाणी जास्त. मशीन पाणी रक्तातून ओढतं, पण सुजेतलं पाणी रक्तात सावकाश परततं. म्हणून दर किलो वजनामागे तासाला साधारण १३ मिलीच्या वर जाऊ नये असं मानतात. ५८ किलोला ते तासाला ७५० मिली, चार तासांत तीन लिटर. साडेतीन काढायला गेलं की बीपी कोसळतं, सलाईन दिली जाते, पाणी अंगातच राहतं आणि घरी बीपी चढतं. मग गोळी वाढते, आणि पुढच्या वेळी बीपी आणखी लवकर पडतं.

यावर डॉक्टरांकडे मागायची पहिली गोष्ट म्हणजे वेळ. पावणेपाच तासांत तेवढंच पाणी सोसवतं. दुसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली. सुमारे आठ ग्रॅम मीठ अंगात एक लिटर पाणी धरून ठेवतं. आपल्या कोकणी घरांत खारे सुके मासे, लोणचं, पापड रोजचेच. ते चालू ठेवून नुसतं 'पाणी कमी प्या' म्हणणं म्हणजे तहानेशी भांडण.

ड्राय वेट कायमचं नसतं. ताप येऊन जेवण तुटलं की मांस झडतं आणि त्याची जागा पाणी घेतं. काटा ५८ च दाखवतो. आडवं झाल्यावर दम लागणं, पायावर सूज, ५८ वर उतरूनही बीपी चढलेलं, ही त्याची खूण. डॉक्टर मग वजन थोडं थोडं, अर्धा किलो किंवा त्याहून कमी, उतरवतात. बीपी मात्र लगेच उतरत नाही, काही आठवडे लागतात. उलट भूक सुधारून अंग भरलं, तर जुनंच वजन गाठताना गोळे येतात. तेव्हा ते वाढवावं लागतं.

आता गोळ्या. 'डायलिसिसच्या सकाळी काहीच घेऊ नका' हा सरसकट नियम नाही. अ‍ॅम्लोडिपिनचा असर दिवसापेक्षा जास्त टिकतो, त्यामुळे एक सकाळ चुकवून फारसा फरक पडत नाही. ती रात्री घेणं बरं. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल मशीनमध्ये बरीच धुऊन जातात, म्हणून ती नंतर घ्यायला सांगतात. क्लोनिडिन मात्र मनानं बंद करू नका. अचानक थांबवली तर बीपी उसळतं. प्रत्येक गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून नाव घेऊन लिहून घ्या. घरचं बीपी आणि सकाळचं वजन एकाच वहीत लिहा आणि वही सेंटरला न्या, कारण तिथले डॉक्टर फक्त मशीनवरचं बीपी बघतात.